‘पॅशनेट’ म्हणजे नेमकं काय केलंत?

रेझ्युमेवर नावाखाली तीन-चार ओळींची समरी असते. तिची सुरुवात बहुधा ‘पॅशनेट, डायनॅमिक अँड रिझल्ट्स-ड्रिव्हन प्रोफेशनल’ अशीच होते. यात खोटं काही नसेलही. पण स्टोअरकीपर, अकाउंटंट आणि मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह या तिघांच्याही रेझ्युमेवर ही ओळ जशीच्या तशी खपते. शिवाय पोर्टलवर उमेदवार शोधणारे एचआरवाले सर्चमध्ये ‘स्टोअर्स’, ‘सॅप’, ‘चाकण’ असं टाकतात. ‘पॅशनेट’ टाकून कोण कशाला शोधेल?

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षं स्टोअर्स सांभाळणारा एक जण आहे. त्याच्या प्रत्येक विशेषणाला एकच प्रश्न विचारायचा: हे कशावरून? रिझल्ट्स-ड्रिव्हन कशावरून? तो म्हणतो, “पूर्वी स्टॉक मोजला की शंभरातल्या बारा आयटमचा मेळ बसायचा नाही. आता तिनाचा बसत नाही.” कसं जमलं? रॅकना लोकेशन कोड दिले आणि सगळी मोजणी मार्चअखेरवर न ढकलता दर शुक्रवारी थोडे थोडे आयटम मोजायला घेतले. डायनॅमिक कशावरून? कंपनीत सॅप आलं तेव्हा दोन हजारांवर आयटमची यादी त्यानंच साफ करून दिली होती. हे सगळं त्याला रोजचंच वाटत होतं, म्हणून रेझ्युमेत आलंच नव्हतं.

आता समरी अशी होते: ‘वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात स्टोअर्सचा ६ वर्षांचा अनुभव, ४ जणांची टीम. लोकेशन कोड आणि साप्ताहिक मोजणी सुरू करून स्टॉकमधला फरक १०० आयटममागे १२ वरून ३ वर आणला. सॅपसाठी २,००० हून अधिक आयटमची यादी तयार केली.’ तिन्ही विशेषणं गेली, तरी माणूस कसा आहे ते कळतं.

आकड्यांतही गोम असते. ‘कार्यक्षमता ४० टक्क्यांनी वाढवली’ हे वाक्य ‘डायनॅमिक’इतकंच पोकळ आहे, कारण कशाच्या ४० टक्के ते त्यात नाही. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो आणि उमेदवार चाचपडला की उरलेल्या रेझ्युमेवरही संशय बसतो. आकडा मंथली रिपोर्टमधून किंवा अप्रेझलच्या फॉर्ममधून काढावा. अंदाजाचा असेल तर ‘सुमारे’ लिहावं. काम टीमचं असेल तर आपला वाटा तेवढाच सांगावा. कंपनीची उलाढाल किंवा ग्राहकांची नावं बाहेर सांगायची नसतील, तर ‘एका मोठ्या दुचाकी कंपनीला पुरवठा’ एवढं पुरतं.

आकडाच नसेल तर कामाचा आवाका लिहावा: किती शिफ्ट, किती माणसं, कोणतं सॉफ्टवेअर. नुकत्याच पास झालेल्या मुलीनं ‘क्विक लर्नर’ लिहिण्याऐवजी ‘टॅली शिकून काकांच्या दुकानाची वर्षभराची खरेदी-विक्री त्यात नोंदवली’ असं लिहिलं, तर तिला पुढे काय विचारायचं ते समोरच्याला लगेच सुचतं.