भाडेकरूची यादी आणि सचिवांना पत्र

सोसायटीतल्या भाडेकरूची तक्रार बहुधा आधी मोबाइलमध्ये तयार होते. वैताग आला की एक ओळ, आठवड्याने आणखी एक. ठाण्यातल्या एखाद्या जुन्या सोसायटीत बी-३०२ मध्ये राहणाऱ्या भाडेकरूची यादी साधारण अशी असते:

- बाथरूमचं छत गळतंय, दहा वेळा सांगितलं, कुणी ऐकत नाही
- संध्याकाळी पाणीच नसतं
- गीझर बंद, मालक फोन उचलत नाहीत
- सामान आणताना ५००० रुपये घेतले, पावती नाही
- भाडेकरू म्हणून मेंटेनन्स जास्त लावतात
- सेक्रेटरी मुद्दाम करतात

ही यादी जशीच्या तशी वर ‘प्रति’ आणि खाली ‘आपला’ लावून दिली, तर तिचं उत्तर येत नाही. त्यामागे समितीचा आडमुठेपणा असेलच असं नाही. या सहा ओळींमध्ये तीन वेगवेगळ्या लोकांची कामं मिसळली आहेत आणि त्यातलं आपलं कुठलं, हे शोधण्याचे कष्ट सचिव घेत नाहीत. म्हणून भाषेच्या आधी वाटणी करावी लागते.

गीझर घरमालकाचा. तो भाडेकरू आणि मालक यांच्यातल्या करारात येतो, सोसायटीचा त्याच्याशी संबंध नाही. ती ओळ पत्रातून जाते. शेवटची ओळही जाते, कारण ‘मुद्दाम’ हा हेतू आहे आणि हेतू सिद्ध करता येत नाही. शिवाय ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्याच्यावरच आरोप केला, की पुढचा सगळा पत्रव्यवहार त्या आरोपाभोवतीच फिरतो.

गळतीचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीच्या बाहेरून जाणाऱ्या सामाईक पाइपची, ड्रेनेजची आणि गच्चीची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधली फरशी किंवा आतला पाइप खराब असेल, तर तो खर्च त्या फ्लॅटच्या सभासदाचा. नेमकं काय आहे, याचा अंदाज बारकाईने पाहिलं तर येतो. वरच्यांनी आंघोळ केल्यावर किंवा कपडे धुतल्यावरच थेंब पडत असतील, तर सांडपाण्याची बाजू संशयास्पद. रात्री वर कुणी नळ उघडलेला नसतानाही संथपणे ठिबकत असेल, तर भरलेल्या पाइपकडे बोट जातं. डक्टच्या बाजूची भिंत ओली असेल, तर सामाईक पाइप तपासायला हवा. पण हा अंदाज पत्रात निकाल म्हणून लिहू नये. चुकीचं निदान लिहिलं, की समिती तेवढंच खोडून काढते आणि गळती तशीच राहते. पाहिलं तेवढं लिहावं आणि पाहणीची मागणी करावी.

पाण्याच्या ओळीत ‘संध्याकाळी’ हा शब्द अपुरा आहे. कुठल्या तारखांना, किती ते किती वाजेपर्यंत, आणि त्याच वेळी त्याच लाइनीवरच्या शेजाऱ्यांकडे पाणी होतं का? शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी. शेजारी पाणी असेल, तर बिघाड बहुधा फ्लॅटमधल्या व्हॉल्व्हचा किंवा पाइपचा, म्हणजे पुन्हा मालकाचा.

पैशांच्या दोन ओळी वेगळ्या ठेवाव्या लागतात. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावू शकते, पण महाराष्ट्र शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि महापालिकेचे कर त्या हिशेबात धरायचे नसतात. सेवा शुल्क १८०० रुपये असेल तर कमाल १८०. हे बिल मात्र सभासदाच्या नावाने निघतं, तेव्हा जादा आकारणीची हरकत सभासदाने घ्यायची. सामान आणतानाचे ५००० रुपये भाडेकरूने स्वतः दिले आहेत, म्हणून त्यांची पावती तो मागू शकतो आणि कोणत्या ठरावाने ते घेतले, हेही विचारू शकतो.

इथे भाडेकरूची खरी अडचण दिसते. तो सोसायटीचा सभासद नसतो. उपविधींमधली तक्रारीची वाट सभासदासाठी आखलेली आहे: लेखी अर्ज द्यायचा, समितीने पुढच्या सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत कळवायचा. प्रत्येक सोसायटीने स्वीकारलेले उपविधी एकदा पाहून घेतलेले बरे. भाडेकरूच्या पत्राखाली मालकाची सही असली, की ही वाट त्यालाही खुली होते. मालक परगावी असेल तर त्याचं दोन ओळींचं संमतिपत्र जोडावं.

एवढी चाळण झाल्यावर पत्र आखूड होतं:

प्रति,
मा. सचिव,
(संस्थेचं पूर्ण नाव) सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, ठाणे

विषय: सदनिका बी-३०२ मधील गळती, पाणीपुरवठा व विनापावती रकमेबाबत

महोदय,

मी सदनिका बी-३०२ मध्ये नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने राहतो. सदनिकेच्या सभासदांची या पत्रास संमती असून त्यांची सही खाली आहे.

१. दि. ४ जूनपासून बाथरूमच्या छतातून, डक्टलगतच्या कोपऱ्यात, दिवसरात्र पाणी ठिबकत आहे. दि. ९ व १६ जून रोजी कार्यालयात तोंडी कळवले होते. संस्थेच्या प्लंबरकडून पाहणी करून घ्यावी व कारण लेखी कळवावे.

२. दि. १०, ११, १३ व १७ जून रोजी सायं. ६ ते ८ या वेळेत सदनिकेत पाणी आले नाही. बी-३०१ व बी-३०३ मध्येही हीच स्थिती होती. पाणी सोडण्याच्या वेळा व उपाय कळवावेत.

३. दि. १ मे रोजी सामान आणताना माझ्याकडून ५००० रुपये रोख घेण्यात आले. त्याची पावती व संबंधित ठरावाची प्रत मिळावी.

हा अर्ज समितीच्या पुढील सभेत ठेवून निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(भाडेकरूची सही) (सभासदाची सही)

सोबत: गळतीची छायाचित्रे, कराराची प्रत
प्रत माहितीसाठी: मा. अध्यक्ष

यादीतला राग पत्रात राहिलेला नाही, पण ‘दहा वेळा सांगितलं’चं ‘दि. ९ व १६ जून’ झाल्यावर तो मुद्दा अधिक बोचतो. प्रत्येक परिच्छेदात एक घटना आणि एक मागणी आहे, त्यामुळे समितीला एका मुद्द्याचं उत्तर देऊन बाकीचे गिळता येत नाहीत. पहिला मुद्दा गळतीचा ठेवला, कारण तिचं नुकसान रोज वाढतं. पैशांचा मुद्दा वर असता, तर सभा त्यातच संपली असती.

पत्र दोन प्रतींत न्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच, जमल्यास संस्थेचा शिक्का घ्यावा. कार्यालयात कुणी पोच देत नसेल, तर स्पीड पोस्टने पाठवून पावती आणि पोहोचल्याचा पुरावा जपावा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो समितीच्या कागदांत जात नाही.

उत्तर आलंच नाही, तर पुढची पायरी प्रकरणानुसार बदलते. नोंदी किंवा ठरावाच्या प्रती न देणं आणि जादा आकारणी यांसाठी सभासद उपनिबंधकांकडे जाऊ शकतो. गळतीची तक्रार महापालिकेकडेही करता येते. मागायला गेलं की दोन्ही ठिकाणी पहिला कागद मागतात तो पोच असलेल्या याच पत्राचा.