माठाचं पोट चाकावर घडत नाही

निवेदन: मातीत राख आणि घोड्याची लीद कालवून ती पायानं तुडवलीय. भट्टीत लीद जळते, बारीक छिद्रं उरतात. त्यांतून पाझरलेलं पाणी वाऱ्यावर उडून जातं, म्हणून आतलं पाणी गार होतं.
पडद्यावर: लीद जळते, छिद्रं उरतात

निवेदन: गोळा चाकाच्या मधोमध बसला नाही, तर काठ डुगडुगतो. बसला, की अंगठा आत, बोटं बाहेर. भिंत वर चढते.
पडद्यावर: आधी मध्य, मग उंची

निवेदन: दोऱ्यानं कापून उतरवलेलं भांडं जाड बुडाचं असतं. थोडं सुकलं, की आत गोल दगड धरायचा आणि बाहेरून लाकडी थापीनं ठोकायचं. बूड पातळ होतं, पोट फुगतं. माती जास्त सुकली असेल, तर इथंच तडा जातो.
पडद्यावर: ठोकून येतो गोलावा