नदी नेमकी कुठे संपते?

रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर वाशिष्ठी नदीचा शेवट शोधणे सोपे वाटते. खाडीच्या उत्तर काठावर दाभोळ, दक्षिण काठावर अंजनवेल आणि तिथला गोपाळगड. या दोन टोकांना जोडणारी रेघ ओढली की आत नदी आणि बाहेर अरबी समुद्र. नकाशा काढणाऱ्याचे काम झाले. मात्र या रेघेजवळचे पाणी मे महिन्यात तोंडात घेतले तर ते सरळसरळ समुद्राचे लागते. तिथून आत बरेच अंतर गेले तरी खारटपणा सुटत नाही.

तरीही अशा रेघेला मोठे महत्त्व आहे. 1982 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार नदी थेट समुद्राला मिळत असेल, तर तिच्या मुखावर, ओहोटीच्या वेळच्या दोन काठांना जोडणारी सरळ रेघ ओढतात आणि देशाची सागरी हद्द तिच्यापासून मोजतात. उपसागराच्या तोंडावर अशी रेघ ओढायची तर तिला 24 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 44 किलोमीटरची मर्यादा आहे. नदीमुखाच्या कलमात तशी मर्यादा लिहिलेली नाही. म्हणूनच अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यामधल्या रिओ दे ला प्लाता या अफाट जलाशयाला नदी म्हणायचे की उपसागर, हा केवळ भूगोलाच्या पुस्तकातला प्रश्न राहिला नाही. 1961 मध्ये या दोन देशांनी ती नदी असल्याचे एकत्र जाहीर केले आणि तिचा शेवट दाखवणारी रेघही ठरवली. तिची लांबी जवळपास 220 किलोमीटर आहे! काही सागरी देशांनी याला हरकत घेतली, पण दोन्ही शेजाऱ्यांनी 1973 च्या करारात तीच रेघ कायम ठेवली.

पाण्याला विचारले तर उत्तर निराळे येते, आणि तेही एक नाही, दोन.

पहिले उत्तर भरतीचे. दाभोळच्या मुखातून शिरलेली भरती चाळीसेक किलोमीटर आत, चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत पोचते. जुन्या काळी मालाची गलबते गोवळकोट बंदराला लागत, ती या भरतीच्या जोरावरच. तिथले पाणी चढते-उतरते, पण ते खारे असेलच असे नाही. समुद्र खाली पाणी दाबून धरतो, त्यामुळे वरून येणारे नदीचे गोडे पाणी तुंबते आणि पातळी वाढते. म्हणजे समुद्राचा धक्का जिथवर जातो, तिथवर त्याचे मीठ जात नाही. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पुरात बुडाले, तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती, उधाणाचे दिवस होते. पुराचे मूळ कारण डोंगरातला प्रचंड पाऊसच, पण असा लोंढा भरतीच्या वेळी खाडीत उतरू लागला की त्याला वाट सावकाश मिळते.

दुसरे उत्तर मिठाचे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते, नदीच्या पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. खारे पाणी जड, म्हणून ते तळाशी पाचरीसारखे आत घुसते आणि गोडे पाणी त्याच्यावरून बाहेर सरकते. एकाच जागी वरचे पाणी मचूळ आणि तळाचे चांगलेच खारट असू शकते. म्हणून खाडीची क्षारता मोजणारे लोक फक्त वरून बादलीभर पाणी घेऊन थांबत नाहीत, वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घेतात. उधाणाला आणि भांगाला, भरतीला आणि ओहोटीला, असे पुन्हा पुन्हा घेतात. आषाढ-श्रावणात नदी फुगलेली असताना ही पाचर मुखाकडे ढकलली जाते. वैशाखात नदी आटली की ती आत सरकते. गोडे आणि खारे पाणी मिसळते तिथे नदीने आणलेले मातीचे बारीक कण मिठामुळे एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. खाडीच्या काठचा गुडघाभर चिखल बराचसा असाच साठलेला असतो, आणि कांदळवनाला तोच लागतो.

हा चिखल साठूनही वाशिष्ठीला त्रिभुज प्रदेश नाही. कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीतून उतरून लगेच समुद्राला भिडणाऱ्या. शिवाय हिमयुग संपल्यावर समुद्र शंभर मीटरहून अधिक वर चढला, तेव्हा किनाऱ्यावरची नदीखोरी बुडाली. त्या बुडालेल्या खोऱ्यांनाच आपण खाड्या म्हणतो. ती भरून काढण्याइतका गाळ या छोट्या नद्यांकडे नाही, आणि आहे त्यातला बराच लाटा आणि भरती-ओहोटी वाहून नेतात. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावणारी गोदावरी मात्र सुमारे 1,465 किलोमीटर वाहते. राजमहेंद्रीच्या खाली दवळेश्वरमजवळ ती गौतमी आणि वसिष्ठा या मोठ्या फाट्यांत विभागते आणि हजारो वर्षांत आणलेल्या गाळावर तिने समुद्रात पुढे जमीन तयार केली आहे. अशा नदीचा शेवट एका रेघेत दाखवताच येत नाही. उन्हाळ्यात दवळेश्वरच्या बंधाऱ्याने पाणी अडवले की खालच्या फाट्यांत समुद्राचे पाणी वर चढते. म्हणजे नदीच्या शेवटाची जागा तिथे बंधाऱ्याचे दरवाजेही ठरवतात.

वाशिष्ठीवर याच्या उलट घडते, आणि कोकणातल्या इतर खाड्यांपेक्षा तिचा अभ्यास करावा तो यासाठी. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. वीजप्रकल्पासाठी मात्र त्यातले पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला, पोफळीकडे सोडले जाते. पाणीवाटपानुसार वर्षाला 67.5 अब्ज घनफूट पाणी असे पश्चिमेला वळवता येते. वीज तयार झाल्यावर ते वाशिष्ठीत उतरते आणि दाभोळला समुद्रात जाते. शेजारच्या नद्या भर उन्हाळ्यात जेमतेम वाहत असतात, तेव्हा वाशिष्ठीला घाटमाथ्यावरचे गोडे पाणी मिळत असते, आणि ते खाऱ्या पाचरीला खाली रेटते.

आता कायद्याकडे परत येऊ. किनारा नियमन क्षेत्राच्या भारतीय अधिसूचनेत नदी-खाडीच्या काठी बांधकामावरचे निर्बंध कुठवर लागू करायचे, हे ठरवायला मिठाचीच कसोटी आहे. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजार भागांत 5 भाग असेल, तिथवर भरतीचा प्रभाव धरायचा. कसोटी विचारपूर्वक ठरवलेली आहे, कारण कोरड्या काळातच समुद्र सर्वांत आत आलेला असतो. पण वाशिष्ठीच्या बाबतीत ‘सर्वांत कोरडा काळ’ पावसावरच अवलंबून राहत नाही. पोफळीची यंत्रे विजेच्या मागणीनुसार कमी-अधिक चालतात, आणि खाडीत येणारे गोडे पाणीही त्याप्रमाणे बदलते. एका आठवड्यात भरपूर पाणी सोडले आणि मोजणी त्याच आठवड्यात झाली, तर 5 भागांची रेघ मुखाकडे सरकलेली दिसेल, आणि वरच्या काठावरचा एखादा पट्टा निर्बंधांबाहेर राहील. म्हणून इथल्या मोजणीच्या अहवालात क्षारतेच्या आकड्याशेजारी त्या दिवसांची तिथी, भरतीची वेळ आणि वीजगृहातून सुटलेले पाणी, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असायलाच हव्यात.