जर्मनीचे वार्तापत्र : करखात्यातले यंत्र कुठे थांबते?

श्टुटगार्ट : इथल्या नोकरदाराचे वार्षिक करविवरण आता एकाही अधिकाऱ्याची नजर न पडता मंजूर होऊ शकते. आपल्याकडे बंगळुरूहून येणारी कलम १४३(१)ची सूचना ही प्राथमिक छाननी असते, आकारणी नव्हे. जर्मनीत मात्र यंत्राने काढलेला आदेश हीच पूर्ण आकारणी. हे १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने चालते. म्हणून यंत्राला कुठवर मोकळीक द्यायची, हेही कायद्यातच लिहावे लागले.

सर्वसाधारण प्रशासनासाठीचा नियम कडक आहे. कायद्याने परवानगी असेल आणि निर्णयात अधिकाऱ्याच्या विवेकाला जागाच नसेल, तरच यंत्राने एकट्याने आदेश काढावा. रक्कम लहान की मोठी, हा प्रश्न त्यात येत नाही. करकायद्याची भाषा थोडी सैल आहे : माणसाने पाहावे असे कारण नसेल, तर यंत्राने निकाल द्यावा. खरी मेख या ‘कारणा’त आहे.

समजा, नगरचा एक अभियंता इथे नोकरी करतो. २०२४च्या विवरणात त्याने घर ते कचेरी १८ किलोमीटर आणि २२० दिवस असे लिहिले. किलोमीटरला ३० सेंट धरून १,१८८ युरो होतात. नोकरदाराला पावतीविना मिळणारी वजावट १,२३० युरोंची आहे, म्हणजे त्याच्या खऱ्या खर्चापेक्षा जास्तच. पगाराचा आकडा कंपनीने आधीच खात्याकडे धाडलेला असतो. इथे माणसाने पाहण्यासारखे काही उरत नाही.

आता त्याने आणखी एक रकाना भरला : गावी एकट्या आईला बँकेतून पाठवलेले ४,००० युरो. त्या वर्षी अशा वजावटीची कमाल ११,७८४ युरो होती. पण भारतासारख्या, राहणीमान स्वस्त असलेल्या देशासाठी तिचा चौथा हिस्साच धरतात, म्हणजे २,९४६. पहिली रक्कम जुलैत गेली असेल तर आधीचे सहा महिने गळतात आणि उरतात १,४७३. इथवर सारे गणितच आहे. पण आई खरोखर गरजू आहे का? निवृत्तीच्या वयाची नसेल, तर ती कमावू का शकत नाही? तिकडच्या कचेरीचा शिक्का असलेले प्रमाणपत्र विश्वासार्ह आहे का? याचे उत्तर गुणाकारात सापडत नाही. मला विचाराल तर असा अर्ज माणसाकडेच जायला हवा, रक्कम शंभर युरोंची असली तरी.

प्रत्यक्षात कोणता अर्ज बाजूला काढायचा, हे जोखीम-छाननीचे नियम ठरवतात आणि ते गुप्त असतात. हे योग्यच आहे. कितीपर्यंतचा खर्च विनाचौकशी सुटतो हे कळले, की सगळ्यांचा खर्च नेमका त्याच्या एक युरो खाली येईल. पण नियम गुप्त असले, तरी त्यांच्यावरची बंधने कायद्यात उघड लिहिलेली आहेत. बाजूला काढलेले अर्ज अधिकाऱ्याने तपासलेच पाहिजेत. त्याला वाटेल तो अर्ज स्वतःहूनही उचलता आला पाहिजे. नियमांचा वेळोवेळी फेरआढावा घेतला पाहिजे. आणि पुरेसे अर्ज निव्वळ चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून तपासले पाहिजेत.

हे शेवटचे बंधन मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. नियमाने अडवलेले अर्ज तपासून एवढेच समजते, की त्याने उगाच कोणाला अडवले. ज्यांना त्याने बिनदिक्कत सोडले त्यांत काय निसटले, हे त्या ढिगात कधीच दिसत नाही. ते कळायचे तर सुटलेल्यांतलेच काही अर्ज, कसलाही संशय नसताना, उघडावे लागतात. ज्या कचेरीत फक्त संशयितच तपासले जातात, तिथले नियम कागदावर नेहमीच अचूक ठरतात!

माणसाकडे जाण्याची एक वाट अर्जदाराच्याही हातात आहे. विवरणात पूरक माहितीसाठी एक मोकळा रकाना असतो. त्यात काही लिहिले, की ते माणसाने पाहण्याचे कारण ठरते. कंपनीने कळवलेला पगार तुम्हाला मान्य नसेल, तर इथेच लिहायचे. न लिहिल्यास कंपनीचा आकडा तुमचाच समजला जातो. उलट, ‘कागद मागाहून पाठवतो, धन्यवाद’ एवढी सभ्यता दाखवली तरी सरळ अर्ज अधिकाऱ्याच्या रांगेत जाऊन बसू शकतो.

कधी कधी यंत्रासाठी विवेकाचीच जागा आक्रसते. विवरणाला उशीर झाल्यास दंड लावायचा की नाही, हे पूर्वी अधिकारी ठरवी. २०१८च्या विवरणांपासून, वर्ष संपून १४ महिने उलटले की बहुतेक प्रकरणांत दंड ठरलेलाच : आधी भरलेला कर वजा जाता उरलेल्या कराच्या ०.२५ टक्के, निदान २५ युरो, दर महिन्याला. अडचणीत सापडलेल्याला कर माफ करण्याचा अधिकार मात्र अजून माणसाच्या विवेकावर सोपवलेला आहे.

इथे येणाऱ्या मराठी मंडळींना एक सांगणे : आईवडिलांना पाठवलेल्या पैशांची वजावट हवी असेल, तर ते त्यांच्या बँक खात्यातच भरा. २०२५ पासून रोखीने दिलेली रक्कम धरली जात नाही.