ओएई ‘पास’, तरी बेरा हवीच

समजा, तिसाव्या आठवड्यात एक मुलगी जन्मली. वजन १२०० ग्रॅम. सात दिवस ती व्हेंटिलेटरवर होती, जंतुसंसर्गासाठी तिला जेंटामायसिन द्यावं लागलं, आणि कावीळ इतकी चढली की रक्त बदलावं लागलं. महिन्याभराने घरी जाताना तिच्या कानांची ओएई तपासणी झाली. दोन्ही कान ‘पास’. आईबाबा निश्चिंत झाले. पण या मुलीसाठी तेवढं पुरेसं नाही.

ओएईमध्ये कानात छोटी नळी बसवून आवाज सोडतात आणि आतल्या कानाच्या बाह्य केसपेशींतून परत येणारा क्षीण प्रतिध्वनी टिपतात. तो आला म्हणजे त्या पेशी काम करत आहेत. त्यापुढे, श्रवण-चेतातंतूतून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर काय चाललं आहे, हे ओएईला कळत नाही.

तीव्र कावीळ नेमकी तिथेच घाव घालते. रक्तातलं मोकळं बिलिरुबिन मेंदूत शिरतं आणि मेंदूच्या खोडातली श्रवणकेंद्रं व चेतातंतू यांना इजा करतं. केसपेशी मात्र बहुधा शाबूत राहतात. म्हणजे कान प्रतिध्वनी देतो, पण मेंदूपर्यंत आवाज विस्कळीत पोचतो किंवा पोचतच नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत ही इजा पूर्ण दिवसांच्या बाळांपेक्षा कमी बिलिरुबिनलाही होऊ शकते.

व्हेंटिलेटरचं गणित वेगळं आहे. यंत्र स्वतः कान बिघडवत नाही. ज्या बाळाला ते लागतं, त्याला अनेकदा प्राणवायूची कमतरता सोसावी लागलेली असते, आणि सोबत जेंटामायसिन, अमिकासिनसारखी केसपेशींना घातक ठरू शकणारी औषधंही चालू असतात. जीव वाचवायला ती लागतातच. म्हणून नंतर कान तपासणं डॉक्टरांवर बंधनकारक असायला हवं.

पाच दिवसांहून जास्त काळ एनआयसीयूत राहिलेल्या बाळाची तपासणी बेरा पद्धतीनेच करावी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीचं मार्गदर्शन आहे. बाळ झोपलेलं असताना कपाळावर आणि कानांमागे इलेक्ट्रोड चिकटवतात, साधारण ३५ डेसिबलचे टकटक आवाज ऐकवतात आणि मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या लहरी नोंदवतात. सुई नाही, वेदना नाही. बाळ व्हेंटिलेटरवरून उतरून स्थिरावलं की, घरी पाठवण्यापूर्वी ही तपासणी करतात.

आपल्या मुलीची बेरा ‘रेफर’ आली, तर पुढची तपासणीही बेरानेच हवी. पुन्हा ओएई करून ‘पास’ मिळवला, तर दोष झाकला जातो. तीन महिन्यांच्या आत सविस्तर निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असं उद्दिष्ट असतं.

तरीही पहिल्या खराब बेरावरून कॉक्लियर इम्प्लांटची घाई करत नाहीत. काविळीमुळे बिघडलेल्या लहरी काही बाळांत पुढच्या महिन्यांत सुधारतात, त्यामुळे तपासणी पुन्हा करतात. उलट, बेरा ‘पास’ झालेल्या बाळाचं ऐकणंही पुढे कमी होऊ शकतं. म्हणून अशा बाळांची नऊ महिन्यांच्या आत पुन्हा सविस्तर श्रवणचाचणी करतात.