पुश-अपमध्ये हात किती लांब ठेवायचे?

नाशिकच्या द्वारका परिसरात राहणारा एक तरुण रोज गच्चीवर पुश-अप काढतो, असे समजू. छाती रुंद व्हावी म्हणून तो हात जमेल तितके लांब टेकवतो. आकडा पंचवीसवरून पस्तिशीवर जातो आणि तो खूश होतो. काही आठवड्यांनी खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. हे का होते?

त्याचे वजन ६० किलो असेल, तर पुश-अपच्या स्थितीत साधारण दोन तृतीयांश, म्हणजे ४० किलोच्या आसपास भार हातांवर येतो. हात जवळ ठेवले काय, लांब ठेवले काय, हा भार जवळपास तेवढाच राहतो. तो कोणत्या सांध्याने पेलायचा, हे मात्र बदलते. हात जवळ असतील तर कोपर जास्त वाकते आणि ते सरळ करणाऱ्या दंडामागच्या ट्रायसेप्सवर काम येते. हात लांब गेले की कोपराचे काम कमी होते आणि ताण खांद्याच्या सांध्याकडे सरकतो. तिथे छातीचा मोठा स्नायू आणि खांद्याचा पुढचा स्नायू मिळून तो पेलतात.

मग लांब हात छातीसाठी चांगलेच, असे वाटेल. इथेच गोम आहे. खांद्यापासून मनगटापर्यंत हात ५५ सेंटिमीटर धरा. प्रत्येक तळवा खांद्याच्या रेषेबाहेर १० सेंटिमीटर असेल, तर वरच्या स्थितीत खांदा मनगटापासून ५४ सेंटिमीटर उंच असतो. तोच तळवा ३० सेंटिमीटर बाहेर नेला, की उंची ४६ वर येते. खाली जायचे अंतरच आठ सेंटिमीटरने घटले! पस्तिशीतला बराचसा भाग या सवलतीचा.

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४० जणांच्या स्नायूंमधील विद्युत संकेत मोजले गेले. हात जवळ असताना ट्रायसेप्सच नव्हे, तर छातीचा स्नायूही लांब हातांपेक्षा जास्त सक्रिय आढळला. अर्थात, संकेत जास्त म्हणजे स्नायू तेवढाच वाढेल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

योग्य अंतर ओळखायला मोजपट्टी नको. खाली गेल्यावर समोरून कुणाला तरी पाहायला सांगावे. कोपर मनगटाच्या बरोबर वर, म्हणजे हाताचा पुढचा भाग उभा दिसला, तर काम वाटले जाते. कोपर मनगटाच्या आत राहिले, तर हात फार लांब आहेत. कोपरे खांद्याच्या रेषेत दोन्हीकडे सरळ न फाकवता थोडी कमरेकडे ठेवावीत. दोन्ही तळवे छातीखाली चिकटवून ट्रायसेप्सवर भर देता येतो, पण त्यात अनेकांचे मनगट आधी कुरकुरते. मग तळवे थोडे दूर न्यावेत.

व्यायामानंतर दोन्ही बाजूंना सारखे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. एकाच खांद्यात, हात वर नेताना किंवा रात्री त्या कुशीवर झोपताना कळ येत असेल, तर पुश-अप थांबवून डॉक्टरांना दाखवावे.