एक टॅग, दोन आकडे

अँड्रॉइड फोनमध्ये एखाद्या अ‍ॅपची माहिती उघडली, की ‘2.9.3’ असं काहीतरी दिसतं. हे versionName, माणसांनी वाचायचं नाव. फोन मात्र त्याकडे बघतही नाही. नवं कोणतं आणि जुनं कोणतं, हे तो versionCode या दुसऱ्या, न दिसणाऱ्या पूर्णांकावरून ठरवतो. हा आकडा दर आवृत्तीला वाढलाच पाहिजे. एकदा वापरलेला आकडा गूगल प्ले परत घेत नाही आणि 2,10,00,00,000 च्या पुढचा आकडाही त्याला चालत नाही.

दोन्ही आकडे हाताने बदलायचे म्हटले, की घाईत कधीतरी एक बदलतो आणि दुसरा राहून जातो. म्हणून दोन्ही एकाच ठिकाणाहून काढावेत. ते ठिकाण म्हणजे गिटचा टॅग: कोडच्या इतिहासातल्या नेमक्या एका नोंदीवर लावलेली v2.9.3 अशी चिठ्ठी. बिल्ड करणारी यंत्रणा ती अशी वाचते:

```
git describe --tags --exact-match
```

त्या नोंदीवर टॅग नसेल तर ही आज्ञा चूक दाखवून थांबते, आणि तिथेच प्रकाशनही थांबावं. टॅग मिळाला, तर सुरुवातीचा v काढला की नाव तयार.

खरी मेख आकड्यात आहे. ठिपके काढून अंक नुसते चिकटवले, तर 2.9.3 चे 293 होतात आणि 2.10.0 चे 2100. इथवर आकडा वाढतोय, म्हणून कुणाला शंका येत नाही. मग मोठी आवृत्ती येते, 3.0.0, आणि तिचा आकडा निघतो 300. ज्यांच्या फोनवर 2100 बसलंय, त्यांच्या लेखी ही आवृत्ती जुनी. त्यांना ती मिळतच नाही. आकडा मागे नेता येत नसल्याने आता 2100 च्या वरूनच पुढे जावं लागतं.

उपाय म्हणजे प्रत्येक भागाला ठरावीक घरं द्यायची:

```
code = major*10000 + minor*100 + patch
```

आता 2.9.3 म्हणजे 20903, 2.10.0 म्हणजे 21000 आणि 3.0.0 म्हणजे 30000. मर्यादा एवढीच, की मधला आणि शेवटचा भाग 99 च्या पुढे जाता कामा नये. 2.9.100 चा आकडाही 21000 च येतो, म्हणजे 2.10.0 शी टक्कर. त्यामुळे 99 ओलांडताच बिल्ड बंद पाडणारी तपासणी स्क्रिप्टमध्येच असावी.

कधी स्वतःच्या संगणकावर सगळं सुरळीत चालतं आणि सर्व्हरवर मात्र टॅग सापडत नाही. बहुधा सर्व्हरने वेळ वाचवायला फक्त शेवटची नोंद उतरवलेली असते, टॅगांशिवाय. गिटहब अ‍ॅक्शन्सच्या checkout मध्ये fetch-depth: 0 लिहिलं, की सगळा इतिहास टॅगांसकट येतो.

प्रकाशित आवृत्तीत चूक निघाली, तर टॅग उचलून दुसऱ्या नोंदीवर चिकटवू नये. त्यातून पुन्हा 20903 च निघेल आणि प्ले तो नाकारेल. v2.9.4 लावावा.